त्रुटीसह परत

२ जून

ही वही मुळात माझी नाही, ठमीची आहे. हॉस्पिटलातल्या नर्सने दिली होती: बाळाने दूध किती वाजता घेतलं, शू किती वेळा केली, झोपलं किती, ते लिहा म्हणून. पुढच्या बाजूने ठमी आहे, मागच्या बाजूने आजपासून मी. मधे कुठेतरी आमची गाठ पडेल.

लिहायला बसले ते एका अर्जासाठी. रजा वाढवून हवी असा अर्ज. तो काही जमेना, म्हणून निदान हे तरी लिहावं.

हसू येतं. बाटल्यांच्या कारखान्यात नऊ वर्षं मी रजेच्या टेबलावर आहे. भट्टीवाल्यांपासून दारावरच्या रखवालदारापर्यंत प्रत्येकाचा अर्ज आधी माझ्यासमोर येतो. साहेब नुसती सही करतात, वाचत नाहीत. वाचते मी. तारीख चुकली, दाखला अर्धवट असला, कारण गोलमाल असलं, की माझा शिक्का: ‘त्रुटीसह परत’. खाली लाल शाईने त्रुटी लिहायच्या. त्यामुळे कारखान्यात मला त्रुटीताई म्हणतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही. मला सगळं माहीत असतं. आणि खरं सांगायचं तर नाव मला आवडतं.

आणि ही त्रुटीताई आज दोन तास ‘माननीय महोदय’ एवढं लिहून बसली आहे.

माझी रजा १३ जुलैला संपते. सोळा आठवड्यांची होती, २४ मार्चपासून. वाढवायची तर जास्तीत जास्त सहा आठवडे मिळतात, तेही ‘प्रसूतीमुळे उद्भवलेल्या आजारासाठी’, डॉक्टरांच्या दाखल्यासह, आणि मूळ रजा संपायच्या सात दिवस आधी अर्ज पोचला तर. म्हणजे ६ जुलै. भरपूर वेळ आहे. अर्ज न करता दहा दिवस गैरहजर राहिलं तर नाव पटावरून कमी. हे वाक्य मी किती जणांना तोंडपाठ म्हणून दाखवलंय! आता ते आपणहून माझ्या कानात वाजतं.

ठमी उठली.

४ जून

सकाळी ठमी झोपलेली असताना एक मसुदा झाला. नवऱ्याला वाचून दाखवला.

‘सदर कर्मचारी यांची प्रसूती झाली असून प्रसूतीसमयी थोडा त्रास झाल्याने सदर कर्मचारी यांना अशक्तपणा जाणवत असल्याचे समजते. तरी...’

नवरा हातातला टॉवेल खाली ठेवून म्हणाला, “समजते? कुणाकडून समजते?”

नऊ वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांवर टिपणं लिहून हात तसाच वळतो, त्याला मी काय करू? पण तो हसता हसता थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, “आणि थोडा त्रास?” मी म्हटलं, “अर्जात पाल्हाळ लावायचं नसतं.” तो पाण्याचे मीटर वाचत गल्लोगल्ली फिरतो, त्याला अर्जाची भाषा काय कळणार! आकडा वाचला, लिहिला, पुढचं घर.

झालं काय होतं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल. ५ मार्चला मी टेबलावरच होते. रजा सुरू व्हायला अजून एकोणीस दिवस होते, सगळे कागद लावून ठेवायचे होते. चहाच्या सुट्टीत कळा सुरू झाल्या. पुढे तिचे ठोके कमी होत गेले, घाईघाईत पोट उघडलं, रक्त थांबेना. चार बाटल्या चढवल्या. तीन दिवस मला काहीच आठवत नाहीत. सोळाव्या दिवशी जखम उकलली, परत टाके घातले. बस्स. पुष्कळ जणींचं होतं असं. मी ठीक आहे.

५ जून

ठमीला तीन महिने पूर्ण झाले. डॉक्टरीणबाईंकडे गेलो. जिन्यात ठमीला नवऱ्याने घेतलं होतं. नेहमी तोच घेतो.

डॉक्टरीणबाईंनी जखम बघितली, रक्त बघितलं (अजून कमीच आहे), ठमीचं वजन केलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, “आणि तुला स्वतःला कसं वाटतंय?”

“छान.”

“झोप?”

“बाळ झोपलं की.”

हे पूर्ण खरं नाही. ठमी झोपली की मी तिचे श्वास मोजते. शंभरपर्यंत मोजले की थांबायचं असं ठरवते, मग वाटतं एकशे एकावा आलाच नाही तर? पण हे काय डॉक्टरांना सांगायचं? त्यांच्यापुढे बाहेर दहा बायका बसलेल्या असतात.

दाखला दिला: ‘अशक्तपणा. सहा आठवडे विश्रांतीची गरज आहे.’

रिक्षात बसल्यावर कागद नीट वाचला. ‘विश्रांती’! हा शब्द असला की मी अर्ज परत करते. विश्रांती हे आजाराचं नाव नाही. आजार कोणता, तो प्रसूतीमुळे झाला का, त्यावर काय उपचार चालू आहेत, पुन्हा तपासणी कधी, एवढं दाखल्यात लागतंच. पण परत वर जाऊन कसं सांगणार? मीच छान म्हटलं होतं. त्यांनी बिचाऱ्यांनी मी सांगितलं तेवढंच लिहिलं.

असू दे. माझ्या अर्जाला कोण त्रुटी काढणार? काढणारी मीच.

९ जून

काढणारी मीच, असं वर लिहिलंय. चुकलं. माझ्या टेबलावर दुसरी बसली आहे हे मी विसरायचा प्रयत्न करते.

मी अशी अचानक गेले, त्यामुळे पंधरा-वीस दिवस टेबल रिकामंच होतं. मग साहेबांनी पॅकिंगमधली एक बाई आणून बसवली. बाटल्या खोक्यात भरणारी बाई रजेच्या टेबलावर! तिला मी चांगली ओळखते. दोन वर्षांपूर्वी तिने बाळंतपणाची रजा तीन आठवडे वाढवून मागितली होती. दाखल्यात लिहिलं होतं ‘विश्रांती’. मी परत केला. दुसऱ्यांदा आणला, तारखा जुळत नव्हत्या. परत केला. तिसऱ्यांदा आणेपर्यंत मुदत टळून गेली होती. तोही परत. नियम म्हणजे नियम. ती आली कामावर.

तिचा आज फोन आला. “ताई, कशा आहात?” वगैरे. मग निळी फाइल कुठे, शिक्क्याची शाई कुठे, असलं काहीबाही. मग एकदम, “ताई, बाळ नेमकं कुठल्या तारखेचं हो?”

तिला काय करायचंय? पत्रिका मांडायची आहे? मी म्हटलं, “मार्चमधलं.” ती म्हणाली, “मार्चमधलं ते ठाऊक आहे, पण तारीख...” मी म्हटलं बाळ रडतंय आणि फोन ठेवला. ठमी रडत नव्हती. टकामका बघत होती माझ्याकडे, की ही बाई खोटं बोलते.

गोड बोलून खुर्ची पक्की करतेय, दुसरं काय. माझ्या ड्रॉवरची किल्लीसुद्धा तिच्याकडे आहे. आत माझी लाल पेनं आहेत, रजा नियमांची माझी प्रत आहे. नऊ वर्षं त्या प्रतीत रेघा ओढल्यात मी. आता ती वाचत असेल.

अर्ज लवकर द्यायला हवा.

११ जून

सासूबाईंचं काही कळत नाही. माझे वडील आजारी पडले म्हणून आई परत गेली, तेव्हा या आठ दिवसांसाठी आल्या, त्याला महिना झाला. मी न्हाणीघरात गेले तरी दाराशी उभ्या. “झालं का गं?” दर दोन मिनिटांनी. खिडकीशी उभी राहिले की यांना खिडकीतच काहीतरी वाळत घालायचं असतं. ठमीला घेऊन मी जमिनीवर बसते, पलंगावर बसत नाही, तेही त्यांनी हेरलंय. बोलत काही नाहीत. शेजारी येऊन बसतात, दुखऱ्या गुडघ्यांसकट, आणि मग उठवत नाही म्हणून मलाच हात द्यावा लागतो. त्यांना वाटतं मला बाळ सांभाळता येत नाही.

खरं म्हणजे मलाही तसंच वाटतं.

आज एक झालं. नवरा गाडीची किल्ली विसरला, खालून हाका मारत होता. सासूबाईंचं गुडघ्याचं तेल चाललं होतं. ठमी खांद्यावर होती, मी तशीच दार उघडून जिन्याशी गेले. तिसरा मजला, अठ्ठेचाळीस पायऱ्या. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मला दिसलं. ती माझ्या हातून सुटताना दिसलं. वाटलं नव्हे, दिसलं. आवाजसुद्धा ऐकू आला. मी मागे सरले आणि उंबऱ्याच्या आत खाली बसले. सासूबाईंनी काही न विचारता ठमीला घेतलं आणि किल्ली रुमालात बांधून खिडकीतून टाकली.

चक्कर आली असं सांगितलं. रक्त कमी आहेच.

१२ जून

अर्ज झाला. उतरवून ठेवते.

‘माननीय महोदय, माझी प्रसूती रजा १३ जुलै रोजी संपत आहे. प्रसूतीत थोडा त्रास झाल्याने अशक्तपणा आहे. तरी १४ जुलै ते २४ ऑगस्ट अशी बेचाळीस दिवस रजा वाढवून मिळावी, ही नम्र विनंती. २५ ऑगस्ट रोजी कामावर हजर होईन. कामात खंड पडल्याबद्दल दिलगीर आहे. या काळात टेबलाच्या कामाबाबत फोनवर केव्हाही उपलब्ध राहीन. झालेल्या गैरसोयीबद्दल पुन्हा क्षमस्व. सोबत: वैद्यकीय दाखला.’

नवरा म्हणाला, “दोनदा माफी कशाची? बँक लुटलीस का?”

मी म्हटलं, “ती भाषाच असते.” भाषा नसते तशी. मला ठाऊक आहे. भट्टीवाल्याने असं लिहिलं असतं तर मीच म्हटलं असतं, माफी नको, कारण लिहा.

१३ जून

नवरा स्वतः जाऊन देऊन आला. पोच आणली: गोल शिक्का, तारीख, सही. सही तिची. मुदतीच्या तेवीस दिवस आधी अर्ज! मी तर मुदतीच्या आदल्या दिवशी धावत येणारी माणसं बघितली आहेत. आज बरं वाटलं. ठमीच्या पायाला गुदगुली केली, तर ती हसली आणि मलाच का कुणास ठाऊक रडू आलं. अर्धा तास थांबेना. सासूबाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

१५ जून

आजचं आजच लिहिते.

जेवणाच्या वेळेला बेल वाजली. दारात पॅकिंगवाली. दर चार पायऱ्यांवर थांबत आली असावी, धाप लागली होती. हातात खाकी पाकीट. “अर्धी रजा टाकून आलेय, ताई. पोस्टाने टाकला असता तर तुम्हाला अठराला मिळाला असता.”

मी पाकीट उघडलं. माझाच अर्ज. त्यावर माझाच शिक्का, ज्यातला ‘त’ एका बाजूने झिजलाय तो: त्रुटीसह परत. खाली माझ्याच लाल पेनने:

‘१. रजेची मुदत चुकीची धरली आहे. नियम अकरा पाहावा.
२. कारण अपुरे.’

डोक्यात सणक गेली. सासूबाई, ठमी, कशाचंच भान राहिलं नाही. मी म्हटलं, “बदला घेताय? दोन वर्षांनी?”

ती रागावली नाही. चप्पल काढून आत आली, सासूबाईंना नमस्कार केला, माझ्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, “बदला घ्यायचा असता तर अर्ज ठेवून घेतला असता ना. पडला असता टेबलावर. काही न करता झाला असता बदला. नियम अकरा म्हणा बघू.”

मला पाठ आहे. मी रागाने घडाघडा म्हटला, “प्रसूती रजा मंजुरीपत्रातील तारखेपासून किंवा प्रत्यक्ष प्रसूतीच्या दिवसापासून, जे आधी घडेल...”

आणि तिथेच थांबले.

जे आधी घडेल. त्या तीन शब्दांखाली माझ्या प्रतीत मीच दोन रेघा मारल्या आहेत, आणि समासात लिहिलंय, ‘इथे सगळे चुकतात’.

“पाच मार्च,” ती म्हणाली. “तिथून एकशे बारा दिवस. सत्तावीस मार्चचे, तीस एप्रिलचे, एकतीस मेचे, आणि उरले चोवीस. चोवीस जूनला संपते तुमची रजा. सात दिवस आधी म्हणजे सतराला अर्ज पाहिजे. परवा.”

मंजुरी २४ मार्चची होती. ठमी लवकर आली त्या दिवशी ती मंजुरी बदलायला हवी होती. ते काम रजेच्या टेबलाचं, आणि रजेचं टेबल हॉस्पिटलात निपचित पडलं होतं. नवऱ्याने जन्माचा दाखला नेऊन दिला होता तेव्हाच. कुणीतरी तो ड्रॉवरमध्ये टाकला, नोंद कुणी केलीच नाही. तिला तो गेल्या आठवड्यात सापडला.

“म्हणून तारीख विचारत होते फोनवर. दाखल्यावर शाई पसरलीय, पाच की पंधरा कळेना. तुम्ही फोन ठेवलात. मग हॉस्पिटलात जाऊन विचारलं.”

मला तिच्याकडे बघवेना. अर्ज तसाच राहिला असता तर मी पंचवीस जूनपासून विनारजा गैरहजर. दहा दिवसांनी पटावरून नाव गेलं असतं, आणि मी इथे बसून ६ जुलैची मुदत मोजत राहिले असते.

“आता दुसरी त्रुटी,” ती म्हणाली. “‘थोडा त्रास’ म्हणजे काय?”

“म्हणजे... थोडा त्रास.”

“दाखल्याच्या मागे हॉस्पिटलचा कागद आहे. चार बाटल्या रक्त, दोनदा टाके. हे थोडं आहे होय? आणि दाखल्यात विश्रांती. ताई, विश्रांती चालत नाही, तुम्हीच शिकवलंत. साहेब सही करायला तयार आहेत, पण मोठ्या ऑफिसात तपासणीला गेला की तिथून परत येईल. आजार लिहावा लागतो. काय आजार आहे तुम्हाला?”

“काही नाही.”

सासूबाई ठमीला घेऊन उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. गुडघे धरून, कुणाचा हात न मागता.

पॅकिंगवाली थोडी पुढे सरकली आणि म्हणाली, “मी आले ना कामावर, तेव्हा टाके ओले होते. ते सहन झालं. पण पट्ट्यावरून बाटल्या यायच्या, आणि मधूनच मला बाटलीच्या जागी बाळ दिसायचं. पट्ट्यावरून चाललेलं, पुढे खाली पडणार असं. मी हात पुढे करायचे, तर बाटली फुटायची. सगळ्यांना वाटलं बाई निष्काळजी आहे. मी कुणालाच सांगितलं नाही. वेड लागलं म्हणतील, बाळ काढून घेतील, असं वाटायचं. वर्ष गेलं त्यात.”

मग मी सांगितलं. जिना, पायरी, आवाज, श्वास मोजणं, ठमीकडे बघून काहीच वाटत नाही असे दिवस आणि फार वाटतं असे दिवस. खिडकीपाशी उभी राहते तेव्हा मनात काय येतं, तेही. ते मी इथेसुद्धा लिहिलं नव्हतं. किती वेळ बोलत होते कोण जाणे. आतून सासूबाईंचा नाक ओढल्याचा आवाज आला.

ती म्हणाली, “हे डॉक्टरांना सांगा. उद्याच. मग त्या विश्रांती लिहिणार नाहीत.”

गेली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या अर्जांबद्दल एक शब्द बोलले नाही.

१६ जून

नवऱ्याने मीटरच्या फेरीवर दुसऱ्याला पाठवलं आणि बरोबर आला. तो बाहेर थांबणार होता, मीच आत बोलावलं. एकदाच सांगायचं बळ होतं.

डॉक्टरीणबाईंनी मधे एकदाही घड्याळ बघितलं नाही. म्हणाल्या, “याला नाव आहे, औषध आहे, आणि हे बरं होतं. मागच्या वेळी तू छान म्हणालीस तेव्हा मी अजून एकदा विचारायला हवं होतं.” मग खिडकीबद्दल सरळ प्रश्न विचारले. सध्या मी एकटी राहायचं नाही असं ठरलं. नवरा म्हणाला, “महिनाभर ती एकटी नाहीच. आई त्यासाठीच थांबलीय.”

म्हणजे न्हाणीघराचं दार. खिडकीतले कपडे. मला आपलं वाटत होतं, त्यांना माझ्यावर भरवसा नाही.

नवीन दाखला: ‘प्रसूतीनंतरचे नैराश्य व तीव्र चिंता, प्रसूतीतील अतिरक्तस्रावामुळे रक्तक्षय. दोन्ही प्रसूतीमुळे उद्भवलेले. गोळ्या व दर आठवड्याला समुपदेशन असे उपचार चालू. बेचाळीस दिवस कामास असमर्थ. पुढील तपासणी २३ जून.’ सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. लाल पेन लावायला कुठे जागाच नाही.

१७ जून

सकाळी एका बैठकीत लिहिला. खाडाखोड नाही.

‘माननीय महोदय, माझी प्रसूती मंजूर रजेच्या आधी, ५ मार्च रोजी झाली. त्यामुळे नियम अकरानुसार माझी रजा २४ जून रोजी संपते. मूळ मंजुरीतील तारखा त्याप्रमाणे बदलाव्यात. प्रसूतीत माझा जीव धोक्यात आला होता. शस्त्रक्रिया, रक्तस्राव व जखम उकलल्याने दुसऱ्यांदा टाके, असे झाले. त्यानंतर मी आजारी आहे. आजाराचे नाव सोबतच्या दाखल्यात आहे. उपचार चालू झाले आहेत. तरी २५ जून ते ५ ऑगस्ट अशी बेचाळीस दिवस रजा वाढवून द्यावी. ६ ऑगस्ट रोजी, डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला घेऊन, हजर होईन. या काळात टेबलाचे काम सध्याच्या बाईंकडेच ठेवावे. त्यांना ते माझ्याइतकेच येते.’

शेवटचं वाक्य लिहून खोडावं की काय असं वाटलं. नाही खोडलं. माफी एकदाही मागितली नाही. फोनवर केव्हाही उपलब्ध, तेही नाही.

‘मी आजारी आहे’ हे वाक्य लिहिताना लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली थोडी.

नवरा बारा वाजता पोच घेऊन आला.

२० जून

काही खबर नाही. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. मोठ्या ऑफिसात अर्ज गेला असेल. तिथे चष्मा कपाळावर ठेवणारे एक गृहस्थ आहेत, कागद उजेडात धरून बघतात. ‘नैराश्य’ हा शब्द त्यांनी उजेडात धरला तर? बाईचं डोकं फिरलंय, टेबलावर नको, असं म्हणाले तर? काल श्वास दोनशेपर्यंत मोजले. सासूबाई म्हणाल्या, “तू दमलीस की सांग, पुढचे मी मोजते.” आणि खरंच मोजत बसल्या. चाळिसाला त्यांनाच झोप लागली.

२३ जून

उद्या रजा संपते. सकाळपासून जीव टांगणीला. तपासणीला जाऊन आले; डॉक्टरीणबाई म्हणतात वेळ लागेल, पण वाट बरोबर आहे.

चार वाजता खालून हाक आली. कारखान्याचा शिपाई. त्याचा पाय मुरगळला होता, वर चढवत नव्हतं. आदेश हातातच द्यायचा आणि पोचेवर सही घ्यायची, हाही नियम माझाच. नवरा कामावर. सासूबाई म्हणाल्या, “ठमीला दे इकडे. तू जा.”

अठ्ठेचाळीस पायऱ्या. कठड्याला धरून उतरले, रिकाम्या हातांनी. ठमीला घेऊन नव्हे. ते अजून नाही. पण उतरले.

आदेश: मूळ रजेच्या तारखा दुरुस्त. बेचाळीस दिवस वाढ मंजूर. ६ ऑगस्टला त्याच पदावर, त्याच टेबलावर रुजू व्हावे. साहेबांची सही. त्यांच्या सहीखाली रजेच्या टेबलाचा शेरा असतो. नऊ वर्षांत मी तिथे त्रुटींशिवाय काही लिहिलं नसेल. मंजूर अर्जांना मी ती जागा कोरी सोडते. तिथे तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ‘त्रुटी नाही. ताई, बऱ्या व्हा.’

सरकारी थाटाच्या कागदावर ‘ताई, बऱ्या व्हा’! माझ्याकडे आला असता तर परत केला असता.

शिपायाने पोच पुढे केली. त्यावरही शेऱ्याचा रकाना असतो. लोक तिथे ‘मिळाला’ लिहितात. मी त्याचं पेन घेतलं, पोस्टाच्या पेट्यांवर कागद टेकवला आणि लिहिलं:

‘आदेश मिळाला. दोन वर्षांपूर्वी आपला अर्ज मी तीनदा परत केला. कारण पुरेसे होते. मी विचारले नाही. चूक माझी.’

शिपाई वाचून म्हणाला, “ताई, ही फाइलला लागेल हां. कायमची. नवीन करून आणू का?”

फाइलला लागलेला कागद कुणालाही काढता येत नाही, हा नियम मीच केलाय. मी त्याला म्हटलं, नको, हीच लाव. आणि सही केली.